श्टुटगार्टचे पत्र : महिना, वर्ष आणि पुरावा

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, पण डोंबिवलीच्या आमच्या नातेवाइकांना श्टुटगार्टचे महत्त्व पटले ते २०२४ मध्ये. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. सुरुवातीलाच दहा हजार माणसांची भाषा झाली आणि माझा फोन वाजू लागला. कल्याण, अंबरनाथ, ठाणे, सगळीकडून एकच प्रश्न : तिकडे माणसे नाहीत ना, मग आमच्या मुलाला घ्यायला अडचण काय?

माणसे कमी आहेत हे खरे आहे. पंप दुरुस्त करणाऱ्या एका मध्यम कंपनीच्या कर्मचारी विभागात मी काम करते, आणि आमच्याकडेही चांगल्या फिटरची जागा महिनोन्महिने रिकामी राहते. पण गरज आहे म्हणून इथे कोणी कागद डोळेझाक करून वाचत नाही. उलट माणूस साडेसहा हजार किलोमीटरवर असला, की त्याच्याबद्दल बोलायला कागदाशिवाय दुसरे कोणी नसते.

कल्याण पूर्वेला राहणाऱ्या माझ्या भाच्याने त्याचा बायोडेटा पाठवला, तेव्हा हे सगळे पुन्हा डोळ्यांपुढे आले. मुलगा कामाला उत्तम आहे. अंबरनाथच्या सरकारी आयटीआयमधून फिटर, त्यानंतर एक वर्ष ॲप्रेंटिस आणि मग डोंबिवली एमआयडीसीत कंत्राटदाराकडे देखभालीचे काम. बायोडेटा चार पानी होता. पहिल्या पानावर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, उंची, वजन. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापत्र. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप, ते काम एका ओळीत : ‘फिटर, चार वर्षे अनुभव, एमआयडीसी डोंबिवली, सर्व प्रकारची मेंटेनन्स कामे.’

मी त्याला फोन करून विचारले, “अरे, सर्व प्रकारची म्हणजे कुठली?”

“मावशी, पडेल ते. पंप, व्हॉल्व्ह, लाइन, शटडाऊन. सगळंच.”

“पंपाचं काय करायचास?”

मग तो अर्धा तास थांबला नाही. सेंट्रिफ्युगल पंप उघडून मेकॅनिकल सील कसे बदलायचे, बेअरिंग गरम करून कसे बसवायचे, मोटर आणि पंप यांचे अलाइनमेंट डायल गेज लावून कसे बघायचे, ॲसिडच्या लाइनवर गॅस्केट बदलण्याआधी काय काय बंद करून घ्यायचे. ऐकताना मला चीड आली, त्याची नव्हे, आपल्या पद्धतीची. एवढे सगळे येणाऱ्या मुलाने कागदावर ‘सर्व प्रकारची कामे’ असे लिहावे!

इथे त्या तपशिलाला थेट किंमत आहे, आणि ती का आहे हे घरी कोणी सांगत नाही. फिटरचे आपले प्रशिक्षण दोन वर्षांचे. त्याच्या जवळचा इथला व्यवसाय म्हणजे ‘इंडस्ट्रीमेकानिकर’, त्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे, कारखाना आणि शाळा असे दोन्हीकडे मिळून चालणारे. परदेशी प्रमाणपत्राची तुलना औद्योगिक व्यवसायांसाठी न्युर्नबर्गची ‘आयएचके फोसा’ ही संस्था करते. ती दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून काय कमी पडते ते पाहते. कमी पडणारा भाग कामाच्या अनुभवाने भरून निघू शकतो, अशी कायद्यात सोय आहे. पण तो अनुभव सिद्ध झाला पाहिजे. ‘चार वर्षे फिटर’ एवढ्याने काहीच भरून निघत नाही. ‘मेकॅनिकल सील बदलणे, डायल गेजने अलाइनमेंट’ याने निघू शकते, कारण ते शब्द इथल्या अभ्यासक्रमातल्या कामांशी जुळवून पाहता येतात.

म्हणून आम्ही ती एक ओळ मोडली आणि पुन्हा बांधली. डावीकडे महिना आणि वर्ष, कुठून कुठपर्यंत. उजवीकडे पद. त्याखाली मालक म्हणून कंत्राटदाराचे नाव आणि वेगळ्या ओळीत कामाची जागा म्हणून कारखान्याचे नाव, फेज २, डोंबिवली पूर्व. त्याखाली चार-पाच कामे, प्रत्येक कामात यंत्र आणि हत्यार. कंत्राटदार आणि कारखाना वेगवेगळे लिहिणे फार महत्त्वाचे आहे. आपली मुले अभिमानाने मोठ्या कारखान्याचे नाव लिहितात, पगार आणि पीएफ मात्र कंत्राटदाराच्या नावाने असतो. वाचणाऱ्याला दोन कागदांवर दोन नावे दिसली की त्याला पहिली शंका खोटेपणाची येते.

मग खरी अडचण पुढे आली. पुरावा कुठे आहे?

इथे मला या देशाचा हेवा वाटतो आणि तो मी लपवत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये निवृत्तीला आलेला एक टर्नर आहे. त्याच्या घरी एक फाइल आहे, तीत त्याच्या प्रत्येक मालकाचे पत्र लावलेले आहे, अगदी शिकाऊ असतानाचेसुद्धा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या यंत्रावर, कोणते काम, आणि कसे केले. हे मालकाचे उपकार नाहीत. इथल्या उद्योगकायद्याच्या कलम १०९ नुसार नोकरी सोडताना असे पत्र मिळणे हा कामगाराचा हक्क आहे. त्याने मागितले तर कामाचा दर्जा आणि वागणूकही त्यात लिहावी लागते. पत्र मिळाले नाही तर माणूस कोर्टात जातो, आणि शब्द पटले नाहीत तरी जातो.

आपल्याकडे असा नियमच नव्हता असे समजू नका. कंत्राटी कामगारांच्या १९७१ च्या नियमांत हे स्पष्ट होते : काम संपल्यावर कंत्राटदाराने कामगाराला सेवा प्रमाणपत्र द्यायचे, त्यासाठी फॉर्मही ठरलेला होता. भाच्याला मी विचारले, असा कागद कधी पाहिलास का? त्याने तर नाहीच, त्याच्या सुपरवायझरनेही पाहिला नव्हता. पन्नास वर्षांचा नियम, आणि फेज १ पासून फेज २ पर्यंत तो कोणाच्या गावी नव्हता. मुलगा काम सोडतो, कंत्राटदार हिशेब करतो, हात हलवतो, आणि त्या मुलाची तीन वर्षे कागदावरून पुसली जातात. याचा मला मनापासून राग येतो.

पत्र नाही म्हणून मार्ग संपला असे नाही. पीएफच्या पोर्टलवर यूएएन टाकून सेवेचा इतिहास काढता येतो. त्यात आस्थापनेचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख असते. भाच्याच्या बाबतीत पहिल्या कंत्राटदाराने सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. त्यामुळे कागदावर तो एकाच वेळी दोघांकडे नोकरीला होता! शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले असतील, तर ही तारीख कामगाराला आधारच्या मदतीने स्वतः भरता येते. त्याने ती भरली. मग तो इतिहास आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे घेऊन तो कंत्राटदाराकडे गेला, सोबत मी लिहून दिलेला अर्ध्या पानाचा मसुदा. तारखा समोर असल्यावर माणसाने सही केली, शिक्का मारला, खाली स्वतःचे नाव, पद आणि फोन लिहिला. पत्र न देण्यामागे दुष्टपणा नव्हता. कोणी मागितलेच नव्हते.

दुसरा एक मार्ग स्टेशनजवळ मिळतो, त्याविषयी स्पष्ट लिहिते. पैसे घेऊन लेटरहेडवर अनुभवपत्र बनवून देणारे लोक आहेत. एकदा आमच्याकडे एका अर्जासोबत तीन वेगवेगळ्या कंपन्यांची तीन पत्रे आली आणि तिन्हींत एकच स्पेलिंगची चूक, एकाच जागी. एका पत्रातली रुजू होण्याची तारीख आयटीआयच्या निकालाच्या आधीची होती. असा अर्ज तिथेच संपतो, आणि व्हिसाच्या वेळी पकडला गेला तर त्या मुलाचे दार पुढच्या अर्जालाही बंद होऊ शकते. त्यापेक्षा खरी दोन वर्षे दाखवलेली कितीतरी बरी.

मधल्या रिकाम्या महिन्यांचेही तसेच. २३ मे २०२४ ला डोंबिवलीच्या फेज २ मध्ये रसायन कारखान्यात मोठा स्फोट झाला, त्यानंतर भाच्याचे काम काही महिने बंद होते. त्याने ती जागा झाकण्यासाठी आधीची नोकरी लांबवली होती. मी ती ओळ काढून खरे लिहायला लावले : काम बंद, जर्मन भाषेचा वर्ग. इथे बेकारीची लाज नाही, न सांगितलेल्या महिन्यांची शंका मात्र येते.

प्रमाणपत्रांत त्याने आयटीआयचे एनसीव्हीटी प्रमाणपत्र जोडले होते, पण ॲप्रेंटिसशिपचे नव्हते. “ते तर स्टायपेंडचं वर्ष होतं ना,” म्हणाला. ज्या देशात व्यवसाय शिकणे म्हणजेच मुख्यतः कारखान्यात शिकणे, तिथे हाच कागद सर्वांत आधी वाचला जाईल! आयटीआयच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रमही, विषय आणि तासांसह, सोबत लावला. आणखी एक सावधगिरीची गोष्ट : मार्च २०२४ पासून जर्मनीने अनुभवाच्या आधारे येण्याचे जे नवे मार्ग उघडले, त्यांत मायदेशातले सरकारमान्य प्रशिक्षण किमान दोन वर्षांचे असावे लागते. फिटर आणि इलेक्ट्रिशियन त्यात बसतात. वेल्डरचा आयटीआय एका वर्षाचा, त्यामुळे फक्त त्याच्या बळावर हे मार्ग मिळत नाहीत. वेल्डरांच्या आईवडिलांनी एजंटाला पैसे देण्याआधी हा प्रश्न विचारावा.

नावांचा घोळ तर प्रत्येक घरात आहे. आयटीआयच्या कागदावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. बायोडेट्यात पासपोर्टवरचेच नाव लिहायचे आणि बाकीचे कागद अर्ज करून त्याच्याशी जुळवून घ्यायचे, तेही अर्ज पाठवण्याआधी. याला वेळ लागतो.

मांडणीचे काम सर्वांत सोपे निघाले. दोन पाने, ताजे काम वर, धर्म-वजन-प्रतिज्ञा सगळे बाहेर, शेवटी गाव, तारीख आणि सही, इथल्या रीतीप्रमाणे. कागदांचे स्कॅन सरळ, चादरीवर ठेवून काढलेले फोटो नाहीत. बायोडेट्यात ज्या क्रमाने नोकऱ्या, त्याच क्रमाने पुरावे, सगळे एका पीडीएफमध्ये. वाचणाऱ्याने ओळीवर बोट ठेवले की त्या ओळीचा कागद पुढे सापडला पाहिजे.

भाच्याचा अर्ज आता न्युर्नबर्गला आहे. उत्तर बहुधा अंशतः मान्यतेचे येईल, आणि तेही त्याला पुरेल, कारण राहिलेला भाग इथे नोकरी करता करता पुरा करता येतो.

डोंबिवली, अंबरनाथ, वागळे इस्टेटमधले कारखानदार आणि कंत्राटदारही हे पत्र वाचतात, म्हणून त्यांना विनंती : काम सोडून जाणाऱ्या प्रत्येक फिटरला, वेल्डरला, इलेक्ट्रिशियनला तारखा आणि कामे लिहिलेले अर्धे पान सहीशिक्क्यासह द्या. आणि मुलांनो, ते पान हाती पडल्याशिवाय हिशेबाच्या कागदावर सही करू नका.