'इतर' या रकान्यात लपलेला खर्च

निवृत्त माणसाच्या घरातली हिशेबाची वही उघडली, तर किराणा, दूध, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स असे सगळे रकाने सापडतात. औषधं मात्र बहुधा किराण्यात किंवा 'इतर'मध्ये जाऊन बसतात आणि विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच येतो म्हणून महिन्याच्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे पुढची दहा वर्षं निभावतील का, याचा अंदाज आपण 'महागाई पाच-सहा टक्के' असं धरून बांधतो. गडबड तिथेच होते.

महागाईचा आकडा एका सरासरी कुटुंबाचा असतो. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत आरोग्याचा वाटा होता जेमतेम ५.८९ टक्के. सत्तरीतल्या जोडप्याचा खर्च असा कसा असेल? शिवाय निर्देशांक मोजतो तो किमतीतला फरक, वयातला नव्हे. रक्तदाबाची एक गोळी दहा टक्क्यांनी महागली तर ते त्यात दिसतं. पण एका गोळीच्या जागी चार झाल्या, वर्षाला एकदा होणारी तपासणी दर तीन महिन्यांनी होऊ लागली, ते दिसत नाही. तुमच्या खिशाला मात्र दोन्ही लागतं. पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो त्यांनाही ही दुसरी वाढ भरून मिळत नाही, आणि ईपीएस-९५ च्या पेन्शनरांना तर महागाई भत्ताच नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका जोडप्याचा महिन्याचा खर्च ४०,००० रुपये आहे. त्यातले ६,००० आरोग्याचे : विम्याचा हप्ता महिन्यावर पसरून ३,५००, औषधं १,८०० आणि डॉक्टर-तपासण्यांचे ७००. बाकीचा ३४,००० चा खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो आणि आरोग्याचा १२ टक्क्यांनी, असं धरू. दहा वर्षांनी बाकीचा खर्च होतो सुमारे ५५,४०० आणि आरोग्याचा सुमारे १८,६००. एकूण ७४,०००. हेच जोडपं सगळ्या खर्चाला सरसकट ५ टक्के लावून बसलं असेल, तर त्यांच्या हिशेबात ६५,२०० च येतील. महिन्याला ८,८०० रुपयांचा खड्डा, आणि तोही कुणी रुग्णालयात दाखल झालेलं नसताना.

१२ टक्के हे गृहीतक आहे, पण हवेतलं नाही. यादीतल्या अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती घाऊक निर्देशांकाप्रमाणे बदलतात. एप्रिल २०२३ मध्ये ही वाढ १२.१२ टक्क्यांपर्यंत गेली होती. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागेल, असं आयआरडीएआयने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. दिलासा खराच, पण दरवर्षी १० टक्के म्हणजेही हप्ता सात-आठ वर्षांत दुप्पट.

म्हणून वहीत वेगळा रकाना हवा, आणि तोही दोन भागांचा. पहिला भाग नेमाचा : औषधं, तपासण्या आणि हप्त्याचा बारावा हिस्सा. गेल्या बारा महिन्यांची बिलं जमवून त्यांची बेरीज केली की आपला खरा आकडा कळतो. तो दर एप्रिलला मागच्या वर्षाशी ताडून पाहावा; दोन-तीन वर्षांत आपल्या घराचा स्वतःचा दर हाती येतो आणि मग माझ्या १२ टक्क्यांची गरजही उरत नाही.

दुसरा भाग राखीव रकमेचा. विमा आहे म्हणून ती लागणार नाही, हा समज महागात पडतो. ज्येष्ठांच्या पुष्कळ पॉलिसींमध्ये को-पे असतो. बिलातली मान्य रक्कम ३ लाख आणि को-पे २० टक्के असेल, तर ६०,००० आपले. हातमोजे, सिरिंज अशा अमान्य वस्तूंचे आणखी वेगळे. घरी आल्यावर आया किंवा केअरटेकर, दातांची कवळी, श्रवणयंत्र हे बहुतेक विम्यांबाहेरच. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण खुलं झालं आहे. ते जरूर घ्यावं, उत्पन्नाची अट नाही. पण योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. रोजच्या गोळ्या आपल्या त्या आपल्याच.

ही राखीव रक्कम लगेच मोडता येईल अशा ठेवीत असावी, आणि पती-पत्नी दोघांच्या नावावर 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने; मुदतीआधी मोडताना मात्र बँक दोघांच्याही सह्या मागू शकते, म्हणून एकाच्या सहीने ठेव मोडता येईल अशी सूचना आधीच देऊन ठेवावी. एकाच्याच सहीवर अडकलेली ठेव नेमकी तोच माणूस अतिदक्षता विभागात असताना मोडता येत नाही.