८२ गुण कोणालाच कसे नाहीत?

२०१३ साली आयसीएसईचा दहावीचा निकाल लागला, तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या देबर्घ्य दास या भारतीय तरुणाने लाखाहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण संकेतस्थळावरून उतरवून घेतले आणि त्यांचा आलेख काढला. आडव्या अक्षावर गुण आणि उभ्या अक्षावर तेवढे गुण मिळवणाऱ्यांची संख्या. आलेख एखाद्या डोंगरासारखा सलग चढत-उतरत जायला हवा होता, पण त्यात ठिकठिकाणी खाचा दिसल्या. ८१, ८२, ८४, ८५, ८७, ८९, ९१, ९३ हे गुण देशभरात कोणालाच, कोणत्याही विषयात मिळालेले नव्हते. ३५ च्या पुढे असे तेहतीस आकडे रिकामे होते.

हे दिसले, कारण आलेख आयतालेखासारखा काढलेला होता. आयतालेख म्हणजेच हिस्टोग्राम. शाळेत आपण स्तंभालेख आणि आयतालेख दोन्ही काढतो, पण लक्षात बहुधा इतकेच राहते की एकात स्तंभ सुटे असतात आणि दुसऱ्यात चिकटलेले. असे का, हे मात्र विसरायला होते.

स्तंभालेखात आडव्या अक्षावर नावे असतात: आंबा, केळी, चिकू किंवा पुणे, नाशिक, सांगली. पुणे आणि नाशिक यांच्यामध्ये कोणतेही मूल्य नसते. म्हणून दोन स्तंभांत जागा सोडायची, म्हणजे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांना कळते. त्या जागेत माहिती काहीच नसते. स्तंभांचा क्रम बदला, जागा रुंद करा, अर्थ तोच राहतो.

आयतालेखाचा आडवा अक्ष ही मोजपट्टी असते. ६० ते ७० हा वर्ग जिथे संपतो, तिथेच ७० ते ८० सुरू होतो, म्हणून स्तंभ एकमेकांना टेकतात. दहावीच्या पुस्तकात २१–३०, ३१–४० असे वर्ग दिले असतील तर आधी ते २०.५–३०.५, ३०.५–४०.५ असे सलग करून घ्यायला सांगतात, ते याचसाठी. गुण पूर्णांकांत असले तरी हीच युक्ती चालते: ८३ चा स्तंभ ८२.५ पासून ८३.५ पर्यंत. मग पट्टीवर जिथे स्तंभ उभा राहत नाही, तिथली पोकळी स्वतःच माहिती होते. या टप्प्यात एकही जण नाही, असे ती सांगते.

आता हीच आकडेवारी एक्सेलमध्ये घालून बघा. पिव्होट टेबलने प्रत्येक गुणाला किती विद्यार्थी ते मोजले, तर जे गुण कोणालाच नाहीत त्यांची ओळच तयार होत नाही. त्यावरून साधा स्तंभालेख काढला की ८० च्या शेजारी ८३, त्याच्या शेजारी ८६, मग ८८, ९०, ९२, ९४ असे स्तंभ सारख्या अंतरावर नीटनेटके उभे राहतात. खाचा गायब! बरेच जण मग ‘गॅप विड्थ’ शून्य करून स्तंभ चिकटवतात आणि आयतालेख झाला असे समजतात. ही दिशाभूल जास्त वाईट, कारण आता तो मोजपट्टीसारखा दिसतो आणि ८३ ला ८६ टेकलेला असतो. ओळखायची खूण एकच: अक्षावरचे आकडे वाचा आणि सारख्या अंतराला आकड्यांतला फरकही सारखाच आहे का ते तपासा.

खरा आयतालेख काढूनही खाचा बुजू शकतात. दहा-दहा गुणांचे वर्ग केले, तर ८० ते ८९ मध्ये ८०, ८३, ८६ आणि ८८ वाले एकत्र मोजले जातात आणि स्तंभ भरलेला दिसतो. म्हणून मी आधी शक्य तितके अरुंद वर्ग घेऊन बघते, मग ते रुंद करते. मात्र चाळीस मुलांच्या वर्गात एकेका गुणाचा आलेख काढला, तर निव्वळ योगायोगानेही पुष्कळ जागा रिकाम्या राहतील. तिथे पोकळीला अर्थ नाही. लाखभर मुलांमध्ये, सगळ्या विषयांत तेच आकडे रिकामे असणे योगायोगाने होत नाही.

मग ते कशाने होते? एक साधा मार्ग हिशेबाने दाखवता येतो. ८० पैकी मिळालेले गुण १०० पैकी करायचे आहेत. ६५ चे ८१.२५ म्हणजे ८१ होतात, ६६ चे ८२.५ म्हणजे ८३, ६७ चे ८३.७५ म्हणजे ८४. मधले ८२ कोणालाच मिळू शकत नाहीत. अशी ताणाताण केली की ठरावीक अंतराने खाचा पडतात. आयसीएसईच्या खाचा मात्र इतक्या नियमित नव्हत्या आणि ९४ ते १०० मधला एकही आकडा रिकामा नव्हता. म्हणजे एकाच पटीने केलेला गुणाकार हे उत्तर पुरत नाही. मूळ गुणांवर नंतर काहीतरी प्रक्रिया झाली, इतके आलेखावरून म्हणता येते. ती कोणती आणि योग्य होती का, हे ठरवायला प्रक्रियेआधीचे गुण हातात हवेत.