कोटेशन नाकारल्यानंतरचे बारा महिने
(लेखमाला : छोट्या सेवा-व्यवसायाची विक्री, भाग ९)

मागच्या भागात कोटेशन कसं लिहावं ते पाहिलं. आता ते नाकारलं गेल्यावर काय करायचं, ते लिफ्टच्या देखभालीच्या उदाहरणातून पाहू.

समजा, ठाण्यातल्या एका सात मजली सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. तुम्ही वर्षाचे ९६ हजार सांगितले, दुसऱ्या कंपनीने ७८ हजार. काम तिकडे गेलं. करार १ एप्रिल ते ३१ मार्च. बहुतेक जण इथे फाइल बंद करतात आणि पुढच्या मार्चमध्ये फोन करतात. तोवर उशीर झालेला असतो. अशा करारांत अनेकदा अट असते, की अमुक दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू राहील. ती मुदत ६० दिवसांची असेल, तर सोसायटीला जानेवारी संपण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. म्हणून नकार कळला त्याच दिवशी सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: करार कधी संपतो, नोटिशीची मुदत किती आणि आपण कशात कमी पडलो. नकार देताना माणसाला थोडा संकोच वाटत असतो, त्यामुळे त्या दिवशी उत्तरं सहसा मोकळेपणाने मिळतात.

त्यानंतर वर्षभरात तीन-चार वेळाच संपर्क पुरे, पण प्रत्येक वेळी हातात काहीतरी कामाचं हवं. सणावारी फुलांची चित्रं पाठवून कोणी लक्षात राहत नाही. मे महिन्याच्या अखेरीस मात्र दोन ओळी पाठवा: ‘पावसाआधी लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपतं का आणि गच्चीवरच्या मशीनरूमची खिडकी नीट लागते का, ते बघून घ्या. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या यंत्रणेची बॅटरीही तपासून घ्या. हे सगळं सध्याच्या कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे सेक्रेटरींना कळतं, की तुम्ही दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही.

हे पथ्य कृतीतही पाळावं लागतं. मध्येच लिफ्ट बंद पडली आणि वैतागून तुम्हाला फोन आला, तरी पॅनेल उघडू नका. दुसऱ्याचा करार चालू असताना तुम्ही तारेला हात लावलात, तर पुढच्या प्रत्येक बिघाडाचं खापर तुमच्यावर फुटेल. ‘त्यांनाच बोलवा, तक्रारीची वेळ आणि ते किती वाजता आले ते वहीत लिहून ठेवा,’ एवढंच सांगा. ती वही जानेवारीत सोसायटीच्या उपयोगी पडेल, मग काम कोणालाही मिळो.

तुमचा संपर्क रुजतोय हे कशावरून ओळखायचं? सेक्रेटरी आपणहून काहीतरी विचारू लागतात. एखाद्या दिवशी बिलाचा फोटो येतो: ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह करार आहे, तरी रोपचे पैसे वेगळे मागतायत. हे बरोबर आहे का?’ माझ्या मते वर्षभरातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. करारातली वगळलेल्या भागांची यादी मागवून घ्या. तिथे रोप लिहिलेला असेल, तर ‘त्यांचं बरोबर आहे’ असं स्वच्छ सांगा. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने दिलेलं खरं उत्तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं जातं. त्याची निंदा केलीत तर तीही सांगितली जाते, आणि ती ऐकणाऱ्यांत त्याला निवडणारे लोक बसलेले असतात.

एक धोका सगळ्यांच्या नजरेतून सुटतो: तुम्हाला ओळखणारा माणूसच बदलतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि त्याच सुमारास सेक्रेटरी किंवा खजिनदार पद सोडतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये फोन करून कोण आहे ते विचारा. तुमचं जुनं कोटेशन आणि मेमधली सूचना सोसायटीच्या ईमेलवरही पाठवलेली असू द्या, म्हणजे नव्या माणसाला ती सापडेल.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र द्या. लगेच भाव सांगू नका. वर्षात कोणते भाग बदलले, कशाचं बिल वेगळं आलं, लिफ्ट किती वेळा बंद पडली हे विचारा. ७८ हजारांवर १५ हजारांची वेगळी बिलं आली असतील, तर खरा खर्च ९३ हजार होतो आणि तुमच्या ९६ हजारांकडे समिती वेगळ्या नजरेने बघते. बंद पडण्याची कारणं बहुधा दारांच्या कुलपांत आणि संपर्कबिंदूंत असतात. ती वहीतून कळली, की नव्या कोटेशनमध्ये नेमकं काय बदलायचं ते लिहिता येतं. लिफ्ट पाहायला जाल तेव्हा सेक्रेटरींना बरोबर घ्या आणि मशीनरूम सध्याच्या कंपनीच्या माणसासमोरच उघडू द्या.

कंट्रोलर मूळ कंपनीच्या खास बनावटीचा असेल आणि त्याचे सुटे भाग किंवा दुरुस्तीची साधनं बाहेर मिळत नसतील, तर तिथे तुमची डाळ शिजणार नाही. तसं सांगून थांबा. सोसायटी सध्याच्या कंपनीवर समाधानी असेल, तर नव्या कराराची तारीख विचारून नोंदवा आणि मेमधली सूचना पुन्हा पाठवा.

(पुढील भाग : नोटिशीची मुदत आणि कराराची भाषा)