कुठेच न जोडलेल्या तारेवर ११० व्होल्ट

भिंतीतल्या एकाच पाइपमधून फेज, न्यूट्रल आणि एक जादा तार ओढलेली असते. जादा तारेची दोन्ही टोके मोकळी असतात. डिजिटल मल्टिमीटरचा एक प्रोब या तारेच्या उघड्या तांब्याला आणि दुसरा न्यूट्रलला लावला, तर पडद्यावर शून्य दिसायला हवे. प्रत्यक्षात तिथे ७०, ११०, कधी १५० असे आकडे दिसतात आणि तार हलवली की तेही हलतात. जिन्याच्या दिव्याच्या टू-वे जोडणीत हा प्रकार हमखास सापडतो. दोन स्विचांमधल्या दोन तारांपैकी एक, दिवा चालू असताना दोन्हीकडून सुटी असते; तिच्यावर मीटर लावला की नवखा वायरमन गोंधळतो. या आकड्याला घोस्ट व्होल्टेज म्हणतात. मीटर बिघडलेला नसतो. तारेवर जे आहे तेच तो दाखवतो. पण त्या व्होल्टेजमागे ताकद किती आहे, हे तो सांगू शकत नाही.

दोन तांब्याच्या तारा आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचे वेष्टन, ही कपॅसिटरचीच रचना आहे. पाइपात शेजारी पडलेल्या दोन तारांमधली कपॅसिटन्स मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड धरता येते. तारा किती चिकटून आहेत यावर ती कमी-जास्त होते. आकडा क्षुल्लक आहे, पण एसी प्रवाहाला त्यातून वाट मिळते. सुट्या तारेची फेजशी अशी जवळीक असते, तशीच न्यूट्रलशीही असते. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील, तर सुटी तार दोन सारख्या कपॅसिटरांच्या मधोमध टांगल्यासारखी होते आणि तिच्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट येतात. पाइपात न्यूट्रल नसेल, नुसती फेज आणि सुटी तार असेल, तर आकडा १९० च्या आसपासही जाऊ शकतो.

आता मीटरकडे पाहू. पाइप १० मीटर लांब असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे ५०० पिकोफॅरड, दोन्ही मिळून १००० पिकोफॅरड होतात. ५० हर्ट्झच्या प्रवाहाला ही वाट सुमारे ३२ लाख ओहमचा अडथळा करते. डिजिटल मीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध बहुधा १ कोटी ओहम असतो. तो इतका मोठा ठेवण्यामागे हेतू चांगला आहे: ज्या सर्किटचे मोजमाप घ्यायचे, त्यातून मीटरने जवळपास काहीच प्रवाह ओढू नये. इलेक्ट्रॉनिक सर्किटात हा गुणच आहे, पण सुट्या तारेवर तोच अंगाशी येतो. ३२ लाखांच्या अडथळ्यापुढे १ कोटीचा मीटर तारेवर काहीच भार टाकत नाही. कपॅसिटरचा अडथळा आणि रोध यांची सरळ बेरीज होत नाही. रीतसर हिशेब केला तर ११५ पैकी सुमारे ११० व्होल्ट मीटरवरच उतरतात.

काट्याच्या जुन्या मीटरवर हाच आकडा दिसला नसता. त्यांतल्या बऱ्याच मीटरांचा एसीवरचा रोध दर व्होल्टला १००० ओहमच्या घरात असे, म्हणजे २५० व्होल्टच्या पट्टीवर अडीच लाख ओहम. याच तारेवर असा मीटर ९ व्होल्टच्या आसपास थांबतो. जुन्या वायरमनना हा प्रश्न फारसा पडला नाही, याचे कारण त्यांच्या हातातला मीटर ढोबळ होता, एवढेच.

तारेवरचे हे ११० व्होल्ट किती पोकळ आहेत, ते प्रवाहावरून कळते. तार थेट न्यूट्रलला टेकवली तरी तिच्यातून सुमारे ०.०३६ मिलिअँपिअर वाहतो. माणसाला झिणझिणी जाणवायला अर्धा-एक मिलिअँपिअर तरी लागतो. एवढ्या प्रवाहाने साधा बल्ब पेटणे शक्य नाही. एलईडी दिवा मात्र काही वेळा पेटतो. स्विच बंद असतानाही एलईडी मंद उजळतो किंवा थोड्या थोड्या वेळाने लुकलुकतो, त्याचे एक कारण हेच असते. दिव्यातल्या सर्किटमधला कपॅसिटर हा थेंबभर प्रवाह साठवत राहतो आणि भरला की सोडून देतो. निऑनचा टेस्टरही अशा तारेवर पुसटसा लागू शकतो, म्हणून या बाबतीत टेस्टरची साक्ष मीटरपेक्षा वरचढ मानता येत नाही.

खरे-खोटे ओळखायचे तर तारेवर थोडा भार टाकावा लागतो. काही मल्टिमीटरवर LoZ अशी खूण असलेली जागा असते. तिथे मीटरचा रोध उतरून ३ हजार ओहमच्या आसपास येतो. आपल्या तारेवरचे ११० व्होल्ट या जागी ०.१ व्होल्टवर कोसळतात. वायरमन हेच काम पूर्वीपासून होल्डरला दोन तारा जोडलेल्या बल्बने करत आले. युक्ती बरोबर आहे, साधन धोक्याचे. बल्ब हातात फुटू शकतो आणि तारांची टोके उघडी असतात. आणखी सोपी परीक्षा म्हणजे शेजारच्या तारेचा एमसीबी बंद करणे. फेज मेली की तिने जागवलेले घोस्ट व्होल्टेजही जाते. आकडा टिकून राहिला, तर वीज कुठून तरी दुसरीकडून येत आहे.

LoZ वरचा आकडा नीट वाचणे मात्र इथे महत्त्वाचे आहे. ओल आलेल्या भिंतीत वेष्टन खराब होऊन फेजकडून ५० हजार ओहमची गळती होत असेल, तर साधा मीटर जवळपास पूर्ण २३० दाखवतो आणि LoZ वर १३ व्होल्ट उरतात. हे १३ व्होल्ट बघून घोस्ट म्हणून सोडून देणारा माणूस त्या तारेला हात लावेल, तेव्हा त्याच्या अंगातून ४ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाईल आणि झटका चांगलाच जाणवेल. आकडा एका व्होल्टच्याही खाली पडला, तरच तो नुसत्या शेजाराचा परिणाम. काही व्होल्ट उरले, तर गळती शोधायची. न्यूट्रल मधेच तुटली असेल, तर गोष्ट आणखी वेगळी. पंखा-दिव्यातून फिरून आलेली फेज न्यूट्रलच्या तुटक्या टोकावर उभी असते, LoZ वरही आकडा फारसा हलत नाही आणि ते व्होल्टेज जीव घेऊ शकते. त्यामुळे मीटर शून्य दाखवत असला, तरी तो आधी चालू सॉकेटवर तपासायचा, मग तारेवर, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर.

LoZ चा प्रोब न्यूट्रलऐवजी अर्थिंगला लावला आणि तार खरोखरच फेजला जोडलेली निघाली, तर ७५ मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह जमिनीत जातो आणि घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी खाली पडतो. घरात अंधार होतो, पण उत्तर मिळालेले असते.

हे सारे घरातल्या दहा-पंधरा मीटर तारांपुरते खरे आहे. उच्चदाबाच्या वाहिन्यांचे गणित वेगळे. एकाच मनोऱ्यावर चालू वाहिनीशेजारी किलोमीटरच्या किलोमीटर धावणाऱ्या बंद वाहिनीत कपॅसिटन्सही प्रचंड असते, आणि चालू तारेतल्या जोरदार प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेगळे व्होल्टेज जन्मते. त्यामागे ताकद असते, भार टाकला म्हणून ते मावळत नाही. तिथे बंद तारेवरचा आकडा खरा मानूनच, काम चालते त्या जागी तिला अर्थिंग केल्याशिवाय लाइनमन हात लावत नाहीत.