व्हेल माशातला ‘व्ह’ फसवा

‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ यांची सुरुवात वेगळी आहे, हे मराठी लेखनाने कधीच ओळखलं. इंग्रजी व्हीसाठी आपण ‘व्ह’ लिहितो, डब्ल्यूसाठी बहुधा साधा ‘व’. घोळ होतो तो व्हील, व्हाइट, व्हिस्की, व्हेल या शब्दांत. त्यांच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच येतो, म्हणून आपण ‘व्ह’ लिहितो आणि वाचतोही तसंच. आजच्या बहुतेक इंग्रजी बोलींत तो एच मुका आहे. उरतो निव्वळ डब्ल्यू. त्यामुळे आपला व्हेल मासा ऐकणाऱ्याला नवरीच्या तोंडावरची जाळी वाटू शकतो, कारण तिचा इंग्रजी शब्द व्हीने सुरू होतो.

मराठी ‘व’ या दोन्हींच्या मधला. तो म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण नीट टेकत नाही, आणि ओठ फारसे गोलही होत नाहीत. मराठीत त्याने काहीच अडत नाही. इंग्रजीत अडतं.

व्हीसाठी ‘फॅन’मधला एफ लांबवा: वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकलेले, मधून हवा घासत जाते आहे. ओठ जागचा न हलवता आता आवाज सुरू करा. गळ्यावर बोट ठेवलंत तर थरथर लागेल, ओठालाही गुदगुल्या होतील. हाच व्ही. तो दोन-तीन सेकंद सहज लांबवता येतो. त्यात ‘ह’ मिसळायची गरज नाही. आपल्या ‘व्ह’मधला ‘ह’ इथे उपराच.

डब्ल्यूला दातांचं काम नाही. शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करा, ‘ऊ’ म्हणा आणि लगेच पुढच्या स्वरावर घसरा. ‘ऊ-एट’ भरभर म्हटलं की ‘ओला’ या अर्थाचा वेट होतो. दात टेकवून म्हटलात, तर गुरांचा डॉक्टर.

आरशासमोर जोड्या म्हणा, दर वेळी व्हीचा शब्द आधी: द्राक्षाचा वेल आणि दारू, दोन्ही वाइन, बनियन आणि पश्चिम दिशा, दोन्ही वेस्ट, विषारी साप आणि गाडीची काच पुसणारा, दोन्ही वायपर. पहिल्याला दातांची कड ओठावर दिसली पाहिजे, दुसऱ्याला दात झाकले पाहिजेत. मग ‘व्हेरी वेल’ सावकाश म्हणा: दात, मग चंबू.

आठवडाभरात बहुतेकांची उलटी चूक सुरू होते. चंबूची सवय लागते आणि ‘व्हेरी’चंही ‘ऊएरी’ होतं. तसंच ‘फाइव्ह’, ‘लव्ह’ यांच्या शेवटचा व्ही ओठ न टेकताच विरून जातो. म्हणून स्वतःच्या कानावर विसंबू नका. कुणाला तरी पाठ करून बसवा, जोडीतला एकच शब्द म्हणा आणि साप की गाडी, एवढंच विचारा. दहांतले नऊ बरोबर आले, तर पुढच्या जोडीकडे वळा.