टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी

पावसाळ्यात वीज जाते, सोसायटीचा जनरेटर सुरू होतो आणि दहा मिनिटांत धापा टाकत बंद पडतो. फिल्टर उघडावा, तर आत काळपट, बुळबुळीत साका. डिझेल तर सहा महिन्यांपूर्वीच भरलेलं!

मूळ दोष पाण्याचा. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब होतात आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. जिवाणू आणि बुरशी राहतात पाण्यात, पण खातात वरचं डिझेल. म्हणून दोन्हींच्या सीमेवर त्यांची साय धरते.

तेव्हा आधी पाणी काढायचं. जनरेटर रात्रभर बंद ठेवून सकाळी टाकीच्या तळाचा नळ उघडा आणि काचेच्या बरणीत नमुना घ्या. खाली पाण्याचा थर किंवा मध्ये काळपट पापुद्रे दिसले, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. ते गटारात मात्र ओतू नका.

जंतुनाशक त्यानंतर, हातमोजे घालून, डब्यावरच्या प्रमाणातच. ते जंतू मारतं, पाणी काढत नाही. मेलेला गाळ पुन्हा फिल्टरमध्येच अडकतो, म्हणून जादा फिल्टर हाताशी हवा. साका फारच असेल, तर टाकी रिकामी करून धुवावीच लागते. नंतर ती शक्यतो भरलेली ठेवा.