अर्थप्रमुखांची मंजुरी : खर्च, फायदा आणि निर्णयाची तारीख

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कापडाची जी मोठी दुकाने आहेत, त्यांत आता खरेदी एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे अशी वाटणी झालेली दिसते. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव कुठेही पाहा. काउंटर व खरेदी धाकटा भाऊ किंवा विभागाचा माणूस सांभाळतो. बँकेची कॅश क्रेडिट, चेकबुक आणि जीएसटीचे कागद थोरल्या भावाकडे किंवा पगारी हिशेबप्रमुखाकडे असतात. पद काहीही असो, काम अर्थप्रमुखाचेच असते. खरेदी करणाऱ्याची नेहमीची तक्रार असते, "साहेब पैसे सोडत नाहीत." अर्थप्रमुखाचीही तक्रार ठरलेली असते, "हे लोक आकडा सांगतात, हिशेब सांगत नाहीत." बहुतेक वेळा दोष मागणीच्या कागदात असतो. असा कागद कसा तयार होतो, हे शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे उदाहरण घेऊन पाहू. यातील भाव समजुतीसाठी धरले आहेत. वाचकांनी तेथे आपल्या बिलांतील भाव घालावेत.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. गिऱ्हाईक मेच्या शेवटच्या आठवड्यापासून येऊ लागते. ठरलेल्या शेडचे कापड एप्रिलमध्ये ऑर्डर देऊन रंगवून घेतले, तर सरासरी ११० रुपये मीटर पडते असे समजा. मेअखेर बाजारातून तयार माल उचलला तर १२० रुपये. खरेदी विभागाला १०,००० मीटर माल हवा आहे. त्यांपैकी ८,००० मीटरची मागणी शाळांनी शेड पक्की करून सांगितली आहे. उरलेले २,००० मीटर हा अंदाज आहे.

सर्वसाधारण कागद असा असतो : "मीटरमागे १० रुपये वाचतात, म्हणजे १ लाखाचा फायदा. कृपया मंजुरी द्यावी." असा कागद अर्थप्रमुख बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. कारण यात फायदा पूर्ण लिहिला आहे, खर्च मात्र अर्धाच.

खर्च लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. खात्यातून किती रक्कम जाईल हा एक आकडा, आणि खरोखर पदरचे किती जाईल हा दुसरा. १०,००० मीटरचे ११ लाख, वाहतूक मीटरला २ रुपयांप्रमाणे २०,००० आणि कापडावरचा ५ टक्के जीएसटी ५५,००० मिळून खात्यातून ११ लाख ७५ हजार जातील. जीएसटी पुढे वजावटीत परत मिळतो, म्हणून तो खर्च नव्हे. पण पुरवठादाराने आपले विवरणपत्र वेळेवर भरले तरच तो मिळतो, आणि तोपर्यंत रक्कम अडकलेली असते. वाहतूक तर माल केव्हाही घेतला तरी लागणारच. म्हणून लवकर खरेदीच्या खर्चात तीही धरू नये.

मग लवकर खरेदीचा खास खर्च कोणता? मेअखेरऐवजी एप्रिलच्या मध्याला पैसे दिले, तर दीड महिन्याचे जादा व्याज. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी गेली असे धरू. कॅश क्रेडिटचा दर वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का धरला तर हे व्याज सुमारे १७,६०० रुपये होते. गोदाम व विम्याचे ५,००० धरू. शिवाय अंदाजाने घेतलेल्या मालातून ५०० मीटर शिल्लक राहिला आणि तो मीटरला ३० रुपये तोट्याने काढावा लागला, तर १५,००० रुपये. एकूण ३७,६०० झाले. म्हणजे १ लाखाचा फायदा प्रत्यक्षात सुमारे ६२,४०० रुपयांचा आहे.

आता हाच हिशेब फक्त पक्क्या ८,००० मीटरसाठी करून पाहा. बचत ८०,०००. व्याज सुमारे १४,१०० व गोदाम ५,००० वजा केले की ६०,९०० उरतात. शिल्लक मालाची भीती नाही. म्हणजे वरचे २,००० मीटर एप्रिलमध्ये घेऊन जेमतेम दीड हजार रुपये जादा सुटतात, आणि त्यासाठी २ लाख ३५ हजार रुपये अडकतात. शेड बदलली तर तोटा वेगळाच. हे उमगले की मागणी आपोआप ८,००० मीटरची होते. रक्कम ९ लाख ४० हजार. वरचा माल मेमध्ये गिऱ्हाईक पाहून घ्यावा. आपली मागणी आपणच तपासून कमी केली आहे हे कागदावर दिसले, की अर्थप्रमुखाला ती कापण्याचे कारण राहत नाही.

त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : भाव १० रुपये वाढेलच कशावरून? याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे. खास खर्च १९,१०० भागिले ८,००० मीटर, म्हणजे सुमारे २ रुपये ४० पैसे. मेअखेर भाव एवढा जरी वाढला तरी तोटा नाही. त्यापेक्षा कमी वाढला तर मात्र लवकर खरेदी महाग पडली. सोबत आपल्याच दुकानाची मागील तीन वर्षांची एप्रिल व मेची बिले जोडावीत. बाजारातल्या गप्पांपेक्षा आपली बिले अर्थप्रमुख जास्त मानतो.

राहिली तारीख. "लवकर निर्णय व्हावा" या वाक्याला काही किंमत नाही. तारीख मालाकडून मागे मोजत काढावी. २० मे रोजी ताके दुकानात हवेत. वाहतुकीचे ३ दिवस धरले तर १७ मेला माल निघाला पाहिजे. रंगाई व तपासणीचे २५ दिवस धरले तर २२ एप्रिल. एखादा लॉट शेडला लागला नाही तर तो बदलून घेण्यासाठी ७ दिवस, म्हणजे १५ एप्रिल. बँकेच्या कामाचे ३ दिवस. म्हणून निर्णय १२ एप्रिलपर्यंत व्हावा. हा हिशेब कागदावर चार ओळींत मांडावा, म्हणजे तारीख मनाने ठरवलेली नाही हे कळते. ३१ मार्चच्या गर्दीत कागद देऊ नये. एप्रिलच्या ३ किंवा ४ तारखेला द्यावा, म्हणजे विचाराला आठवडा मिळतो.

खोटी तारीख मात्र कधीही देऊ नये. १२ एप्रिल शेवटची म्हणून सांगितले आणि २५ तारखेलाही त्याच भावात, त्याच मुदतीत माल मिळाला, तर पुढच्या वर्षी तुमच्या तारखेला कोणी विचारणार नाही.

प्रत्यक्ष मागणी एवढीच असावी :

"मा. अर्थप्रमुख साहेब, गणवेशाच्या ८,००० मीटर कापडासाठी ९,४०,००० रुपयांची मंजुरी हवी आहे. यात ४४,००० जीएसटी असून तो वजावटीत मिळेल. जादा खर्च १९,१००, अपेक्षित बचत ८०,०००, निव्वळ फायदा ६०,९००. भाव २.४० रुपयांपेक्षा कमी वाढल्यास नुकसान आहे. निर्णय १२ एप्रिलपर्यंत द्यावा. नकार असल्यास किंवा तारीख उलटल्यास मेअखेर तयार माल घेऊ. तेव्हा बचत होणार नाही आणि शेड जुळण्याची खात्री राहणार नाही. बिले व दिवसांचा हिशेब सोबत आहे."

शेवटच्या भागातली वाक्ये गाळू नयेत. नकार दिला तर काय होईल, हे माहीत असल्याशिवाय अर्थप्रमुख होकारही मोकळेपणाने देऊ शकत नाही. त्याचे मौन म्हणजे होकार असेही समजू नये. १० तारखेला एकदा आठवण द्यावी. १२ तारीख उलटली तर ऑर्डर सोडून द्यावी आणि तसे लिहून कळवावे.

हंगाम संपला की जुलैअखेर याच कागदाच्या पाठीवर खरे आकडे लिहून तो परत द्यावा : मेअखेर भाव किती झाला, व्याज किती पडले, किती मीटर उरले. अंदाज चुकला असेल तर तोही लिहावा. पुढच्या एप्रिलमध्ये अर्थप्रमुख नव्या मागणीसोबत हाच जुना कागद काढून पाहणार आहे.